पोलीस भरतीची जाहिरात वाचताना: पात्रता, जागा, टप्पे आणि तारखा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत भरतीची जाहिरात आली की त्याच दिवशी संध्याकाळी दहा-पंधरा जण मोबाइल पुढे करून उभे राहतात. "सर, मी बसतोय का यात?" हा एकच प्रश्न प्रत्येकाचा वेगळा असतो. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त फॉर्म पोलीस शिपाई पदाचे भरले जातात, म्हणून उदाहरणही तेच घेतलं आहे. ते नीट कळलं की दुसरी जाहिरात वाचताना कुठे थांबायचं ते आपोआप समजतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जाहिरात आणि मूळ जाहिरात यात फरक काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो बहुतेक वेळा एका पानाचा सारांश असतो: एकूण जागा, शिक्षण, शेवटची तारीख. वर्तमानपत्रात येते तीही संक्षिप्त जाहिरात. अटी असतात त्या सविस्तर जाहिरातीत, आणि ती त्या खात्याच्या संकेतस्थळावरच मिळते. आयोगाची असेल तर mpsc.gov.in, पोलिसांची असेल तर mahapolice.gov.in. प्रत्यक्ष फॉर्म भरायचं संकेतस्थळ कधीकधी वेगळं असतं, कारण परीक्षा घेण्याचं काम दुसऱ्या संस्थेला दिलेलं असतं. त्यामुळे पत्ता वेगळा दिसला म्हणून लगेच घाबरू नका, पण त्या पानावर मूळ खात्याच्या संकेतस्थळावरून जा. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका.

पीडीएफ उतरवून घेतली की नावात तारीख टाकून ठेवा. पुढे शुद्धिपत्रक निघालं तर काय बदललं हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

एवढी पानं आहेत. सुरुवात कुठून करू?

तारखांपासून. बरीच मुलं आधी एकूण जागा बघतात, मग शिक्षण, आणि तारीख म्हणजे फक्त फॉर्मची शेवटची तारीख असं धरून चालतात. जाहिरातीत तारखा पाच-सहा असतात आणि प्रत्येक तारीख वेगळी गोष्ट ठरवते. अर्ज सुरू होण्याची, अर्ज संपण्याची आणि फी भरण्याची तारीख सगळ्यांना दिसते. वय कोणत्या दिवशी मोजणार, शिक्षण कोणत्या दिवसापर्यंत पूर्ण हवं आणि दाखला कोणत्या दिवशी वैध हवा, या तीन तारखा आत कुठेतरी परिच्छेदात असतात. पुढे कागदपत्र पडताळणीत नाव कटतं ते याच तीन तारखांमुळे.

मी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी काढायला लावतो: वय, शिक्षण, दाखले. प्रत्येकीपुढे जाहिरातीतली तारीख आणि पान क्रमांक लिहायचा. तारीख सापडली नाही तर ओळ कोरी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही.

वय नेमकं कसं मोजतात?

पोलीस शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाला १८ ते २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत अशी मर्यादा आहे. राज्याच्या इतर बऱ्याच पदांना ती ३८ आणि ४३ असते. पण नुसता आकडा अपुरा आहे, तो कोणत्या दिवशी लागू होतो ते पाहावं लागतं.

समजा कागलची एक ताई आहे, ओबीसी प्रवर्गातली, जन्म १२ मे १९९३. समजा जाहिरातीत वय ३१ मार्च २०२६ रोजी मोजणार असं लिहिलं आहे. त्या दिवशी तिचं वय ३२ वर्षं १० महिने १९ दिवस होतं, म्हणजे ती बसते. हीच तारीख ३१ मे असती तर तिला ३३ पूर्ण होऊन १९ दिवस झाले असते आणि ती बाहेर गेली असती. (ही ताई आणि या तारखा समजावण्यापुरत्या घेतल्या आहेत. पुढेही हेच उदाहरण चालवू.)

वाढदिवस अगदी त्याच तारखेला येत असेल तर शब्द बारकाईने वाचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२५ च्या नागरी सेवा परीक्षेला १ ऑगस्ट २०२५ रोजी वयाची २१ पूर्ण हवीत आणि ३२ पूर्ण झालेली नकोत अशी अट होती. म्हणून जन्म २ ऑगस्ट १९९३ ते १ ऑगस्ट २००४ या दरम्यानचा हवा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. १ ऑगस्ट १९९३ ला जन्मलेला सर्वसाधारण उमेदवार एका दिवसाने बाहेर. जन्मतारखांची चौकट दिलेली असेल तर वयाचं गणित करत बसू नका, सरळ आपली जन्मतारीख त्या चौकटीत बसवून बघा.

मागच्या भरतीला माझ्याच वयाचा मित्र बसला होता. मग मी का नाही?

कारण त्या वेळी सवलत असेल. कोरोनामुळे भरत्या रखडल्यावर राज्य सरकारने ३ मार्च २०२३ च्या निर्णयाने ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींसाठी कमाल वयात दोन वर्षांची सूट दिली होती. त्यामुळे त्या वर्षीच्या अनेक जाहिरातींत ३८ आणि ४३ च्या जागी ४० आणि ४५ दिसतं. ती पीडीएफ अजून मोबाइलमध्ये फिरते आणि लोक तीच धरून बसतात. सवलत त्या त्या जाहिरातीपुरती असते. ताज्या जाहिरातीत तसा परिच्छेद नसेल तर सवलत नाही.

मी शेवटच्या वर्षाला आहे. फॉर्म भरू का?

पोलीस शिपाई पदाला बारावी पास लागते. आणि ती फॉर्मच्या शेवटच्या तारखेला असावी लागते, "निकाल येईलच" चालत नाही. आयोगाच्या पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांच्या परीक्षांत मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पूर्व परीक्षेला बसू शकतात. मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत त्यांना पदवी उत्तीर्ण असावं लागतं. आपल्या जाहिरातीत यांतला कुठला प्रकार आहे ते "शैक्षणिक अर्हता" या शीर्षकाखाली असतं. अर्हता म्हणजे पात्रता, आणि "अनर्ह" दिसलं की अपात्र. हे दोन शब्द मुलं घाईत उलटे वाचतात.

नॉन क्रीमीलेअरचा दाखला आहे माझ्याकडे. तेवढा पुरतो ना?

दाखल्यावर दोन तारखा असतात: तो कधी दिला आणि कधीपर्यंत वैध आहे. दुसरी तारीख ३१ मार्चची असते, कारण दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना हा दाखला लागतो. अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही.

आता आपल्या ताईकडे बघू. तिचा दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध आहे आणि फॉर्मची शेवटची तारीखही तीच. सगळं जुळलं. पण समजा मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढली, तर मध्ये आर्थिक वर्ष बदललं. ही नुसती कल्पना नाही: २०२४ च्या पोलीस भरतीत अर्जाची मुदत ३१ मार्चवरून १५ एप्रिलपर्यंत वाढवली होती. अशा वेळी दाखला जुन्या तारखेला वैध हवा की नव्या, हे फक्त मुदतवाढीच्या पत्रात किंवा शुद्धिपत्रकात मिळतं. वयाची तारीखसुद्धा मुदतीबरोबर आपोआप पुढे सरकत नाही. पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नसेल तर मी मुलांना जुना दाखला जपून ठेवायला आणि नवा लगेच काढायला सांगतो. पडताळणीच्या टेबलावर दोन्ही असले की प्रश्न उरत नाही.

आमच्याकडचा एक मुलगा गेल्या काही वर्षांत अगदी याच ठिकाणी गेला. मैदान चांगलं झालं, लेखी चांगली गेली, यादीत नाव आलं, आणि पडताळणीत दाखल्यावरची तारीख पंधरा दिवसांनी मागे निघाली. ओबीसीतून नाव गेलं. खुल्यातून बघायचं तर त्याचं वय २८ च्या पुढे गेलेलं. तेव्हापासून मी अभ्यासाचं वेळापत्रक विचारायच्या आधी दाखला मागतो.

माझी जात राज्यात भटक्या जमातीत आहे. केंद्राच्या भरतीत काय लिहू?

राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी आहे. धनगर समाज राज्यात भटक्या जमाती (क) मध्ये आणि वंजारी समाज (ड) मध्ये येतो, पण केंद्राच्या भरतीत दोन्ही ओबीसी. तिथे केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, राज्याचा दाखला दाखवून चालत नाही. एसईबीसी आरक्षण फक्त राज्यात आहे, केंद्रीय भरतीत तो रकानाच नसतो.

आम्ही निपाणीकडचे. महाराष्ट्रातला फॉर्म भरता येतो का?

हा प्रश्न आपल्याकडेच जास्त येतो, कारण कागल सोडलं की निपाणी. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतले मराठी भाषक उमेदवार राज्याच्या पदांसाठी अर्ज करू शकतात. त्यासाठी तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरातीत हा परिच्छेद "अधिवास" या शब्दाजवळ शोधा. तुमचं गाव त्या ८६५ मध्ये आहे का, हे आधी यादीत बघून घ्या. शेजारचं गाव आहे म्हणून आपलंही असेल असं धरू नका.

एकूण जागा भरपूर दिसतात. मग माझ्यासाठी किती?

यावर थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

जागांचा तक्ता दोन बाजूंनी वाचायचा असतो. एका बाजूला सामाजिक प्रवर्ग: अजा, अज, विजा-अ, भज-ब, भज-क, भज-ड, विमाप्र, इमाव, एसईबीसी, ईडब्ल्यूएस आणि अराखीव. दुसऱ्या बाजूला समांतर आरक्षण. पोलीस भरतीच्या जाहिरातीत त्याचे रकाने असे असतात: महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, अंशकालीन पदवीधर ५, गृहरक्षक दल ५, पोलीस पाल्य ३ आणि भूकंपग्रस्त २. बेरीज ७० टक्के. उरलेले ३० टक्के म्हणजे "सर्वसाधारण".

समजा एखाद्या घटकात इमाव म्हणजे ओबीसीच्या २० जागा आहेत. त्यात महिला ६, माजी सैनिक ३, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, अंशकालीन पदवीधर, गृहरक्षक आणि पोलीस पाल्य प्रत्येकी १. भूकंपग्रस्तांचे २ टक्के म्हणजे अर्धी जागाही होत नाही, म्हणून तिथे शून्य. राहिल्या ६. जो ओबीसी मुलगा या कुठल्याच समांतर गटात नाही, त्याच्यासाठी थेट राखलेल्या जागा २० नाहीत, ६ आहेत. समांतर गटात पात्र उमेदवार मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या इतरांकडे येते. म्हणून प्रत्यक्षात ६ च्या थोड्या वर जाऊ शकतं. पण अंदाज बांधायचा तर ६ धरूनच.

आता आपल्या ताईचा हिशोब. तिला महिलांच्या ६ आणि सर्वसाधारणच्या ६ अशा दोन रकान्यांत गुणवत्तेवर जागा आहे. अराखीव जागाही गुणवत्तेवर मागास उमेदवाराला मिळतात. अराखीव महिला जागांबद्दल पूर्वी वाद होता, पण सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० च्या निकालात राखीव प्रवर्गातल्या महिलांना गुणवत्तेवर त्या जागाही खुल्या असल्याचं स्पष्ट केलं. पण ताई ३२ वर्षांची आहे, म्हणजे वयाची सवलत घेऊनच आत आली आहे. सवलत घेतलेल्या उमेदवाराची अराखीव जागेवर निवड होणार नाही, असं कलम बऱ्याच जाहिरातींत असतं. ते तिने शोधून वाचायला हवं, वय आणि फी दोन्हींच्या सवलतीबद्दल. तिच्या बहिणीचं वय २६ असेल तर बहिणीला वयाची सवलत लागतच नाही, म्हणून तिच्यासाठी दोन रकाने जास्त उघडे आहेत. एकाच घरातल्या दोघींचा तक्ता वेगळा झाला तो असा.

समांतर आरक्षणाचा दावा फॉर्ममध्येच करावा लागतो. गृहरक्षक दलात सेवा केली आहे, पण फॉर्ममध्ये खूण केली नाही, तर नंतर प्रमाणपत्र दाखवून काही होत नाही.

तक्त्याचा उपयोग फक्त अंदाजापुरताच का?

नाही. पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. दोन जिल्ह्यांत शिपाई पदाचेच दोन अर्ज केले तर अपात्र ठरवतात. म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे यांच्या एकूण जागा न बघता आपल्या रकान्यातल्या जागा शेजारी शेजारी लिहून घटक निवडायचा. एका जिल्ह्यात एकूण जागा जास्त, पण आपल्या रकान्यात शून्य किंवा नुसती आडवी रेघ, असंही होतं.

पद बदललं की अटीही बदलतात. शिपाई आणि चालक ही वेगळी पदं. कोल्हापुरातल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १६ चा तर तक्ताही वेगळा आणि निकषही: शिपाई पदाला पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, राखीव बलाला १६८. तिथे धावणं ५ किलोमीटरचं. शिपाई पदाला महिलांची उंची १५५ सेंटिमीटर लागते.

परीक्षेचे टप्पे वाचताना नेमकं काय बघायचं?

दोन गोष्टी: कुठल्या टप्प्याचे गुण अंतिम यादीत धरतात, आणि एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर किती जणांना बोलावतात. पहिली सगळे वाचतात, दुसरी कुणी वाचत नाही.

पोलीस शिपाई भरतीत आधी मैदान, ५० गुणांचं. पुरुषांना १६०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ ला आणि ७.२६० किलोचा गोळा १५ ला. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर आणि गोळा ४ किलोचा, बाकी तेच. मग लेखी १०० गुणांची. मैदानावर किमान ५० टक्के म्हणजे २५ गुण मिळवणारे पात्र ठरतात, पण पात्र झालेल्या सगळ्यांना लेखीला बोलावत नाहीत. जागांच्या १:१० या प्रमाणात, प्रवर्गनिहाय बोलावतात.

ताईच्या रकान्यात ६ जागा, म्हणजे साधारण ६० जणी लेखीला. तिला मैदानावर २७ पडले आणि साठाव्या मुलीला ३६ असतील, तर ती "पास" असूनही लेखीला बसणार नाही. रंकाळ्यावर पहाटे धावणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो की २५ ही फक्त पात्रतेची रेष आहे, तुम्हाला आपल्या रकान्याची रेष गाठायची आहे. लेखीत किमान ४० टक्के लागतात, आणि शेवटी मैदान व लेखी यांची बेरीज होऊन यादी लागते.

हेच डोळे दुसऱ्या जाहिरातीकडे लावा. राज्यसेवा पूर्व परीक्षेतला दुसरा पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पात्र होण्यापुरता असतो, त्याचे गुण पुढे धरत नाहीत. असा "अर्हताकारी" शब्द दिसला की त्या पेपरला किती वेळ द्यायचा हे बदलतं.

शाहू महाराजांच्या आदेशाचा आणि या तक्त्याचा काही संबंध आहे का?

एका मुलीने विचारलेला प्रश्न आहे, आणि मला तो आवडला. २६ जुलै १९०२ च्या करवीर संस्थानच्या आदेशात म्हटलं होतं की आदेश मिळाल्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांतून भराव्यात. मागास म्हणजे कोण, हेही त्यात सांगितलं होतं. जागा किती, कुणाला आणि कोणत्या दिवसापासून, हे तीनही त्या छोट्या आदेशात आहेत. आपण आजची जाहिरात वाचताना तेच तीन शोधत असतो.

लहान कुटुंबाची अट म्हणजे काय?

२८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांमुळे हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर उमेदवार अपात्र ठरतो. प्रतिज्ञापन द्यावं लागतं. लग्न झालेल्यांनी हा परिच्छेद वगळू नये.

फॉर्म भरून झाल्यावर जाहिरात परत बघायची का?

हो. पदसंख्येत बदल होऊ शकतो हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं आणि बदल शुद्धिपत्रकातूनच येतो. मैदानाची तारीखही पावसामुळे वगैरे बदलते. फॉर्म भरल्यावर आठवड्यातून एकदा, आणि प्रवेशपत्र निघायच्या सुमारास रोज, संकेतस्थळावर आपल्या घटकाचं पान उघडा.

वाचूनही एखादी अट कळली नाही तर?

जाहिरातीच्या शेवटी किंवा फॉर्मच्या पानावर मदत कक्षाचा फोन नंबर किंवा ईमेल असतो. शक्यतो ईमेल करा आणि प्रश्न एकाच अटीचा ठेवा: जाहिरातीतलं पान, परिच्छेद क्रमांक, आपली तारीख. उदाहरणार्थ, "परिच्छेद अमुकनुसार दाखला अंतिम दिनांकास वैध असावा, माझा ३१ मार्चपर्यंत आहे, मुदतवाढीनंतर चालेल का?" आलेलं उत्तर छापून दाखल्यांच्या फाइलमध्येच ठेवा, म्हणजे पडताळणीच्या दिवशी शोधावं लागत नाही.